परिचयातला तृतीयपुरुष

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घाटकोपरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आमच्या एक स्नेही बाई आमच्याकडे आल्या त्या एक कागद घेऊन. अंधेरीतल्या एका महाविद्यालयाने मराठी भाषेविषयी दोन दिवसांचे चर्चासत्र योजले होते, आणि कार्यक्रमपत्रिकेसाठी संयोजकांचे पत्र आले होते : 'आपला परिचय साठ शब्दांत, तृतीयपुरुषी लिहून, येत्या पंधरा तारखेपर्यंत पाठवावा.' बाईंचा निबंध तयार होता. वीस पानांचा तो निबंध त्यांनी तीन आठवड्यांत लिहून काढला होता. मात्र हे साठ शब्द आठ दिवस झाले तरी लिहून होत नव्हते. 'स्वतःविषयी लिहायचे, आणि दुसऱ्या कोणी लिहिले आहे असे भासवायचे. हे मला खोटे वाटते,' असे त्या म्हणाल्या.

आम्ही त्यांना हसलो नाही, कारण त्यांच्या अडचणीत एक खरा भाषिक पेच दडलेला आहे, आणि तो इंग्रजीत परिचय लिहिणाऱ्याला फारसा जाणवत नाही. इंग्रजीत तृतीयपुरुषी सर्वनाम एकवचनी असते. त्यात आदर नसतो आणि अनादरही नसतो. मराठीत तशी तटस्थ जागा नाही. 'अमुक बाई मराठी शिकवतात' असे लिहिले की क्रियापदच आदरार्थी बहुवचनात जाते, म्हणजे लिहिणारी व्यक्ती स्वतःच स्वतःला 'अहो-जाहो' करते. आणि 'अमुक बाई मराठी शिकवते' असे लिहावे, तर छापील पत्रिकेत तो सरळ उपमर्द वाटतो. तेव्हा मराठीत स्वतःचा परिचय लिहिताना पहिल्या क्रियापदापाशीच विनय आणि प्रतिष्ठा यांचा तंटा उभा राहतो. विशेषणांची पाळी त्यानंतरची.

आमच्या परंपरेत हा तंटा एकदा फार सुंदर रीतीने मिटला होता. संतकवींनी अभंगाच्या शेवटी स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषीच केला. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' या नाममुद्रा पाहा. तिथे नाव आखडलेले आहे, वचन एकच आहे, आणि तरीही त्यात कमीपणा नाही. एकनाथांनी तर आपल्या मुद्रेत गुरूचे नाव गुंफले. 'एका जनार्दनी' म्हणताना ते स्वतःची ओळख दुसऱ्याच्या नावाने पुरी करतात. पण हे साधते ते ऐकणारा देव असतो किंवा वारकऱ्यांचा मेळा असतो म्हणून. चर्चासत्राच्या पत्रिकेत तो मेळा नाही. तिथे वाचणारा अपरिचित आहे, आणि त्याला एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे : या विषयावर या व्यक्तीचे मी का ऐकावे?

बाईंनी आणलेल्या कागदावर एक नव्हे, दोन मसुदे होते. पहिला त्यांनी महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या सल्ल्याने लिहिला होता. त्यांच्या परवानगीने आणि नाव झाकून तो इथे देतो :

'प्रा. डॉ. सौ. अ. ब. क. या मराठी भाषा व साहित्याच्या क्षेत्रातील एक अग्रगण्य व्यक्तिमत्त्व असून त्यांचे 27 शोधनिबंध राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रसिद्ध झाले आहेत. 41 चर्चासत्रांत त्यांचा सक्रिय सहभाग असून विविध समित्यांवर त्या कार्यरत आहेत. अनेक पुरस्कारांनी त्या सन्मानित असून त्यांचा ग्रंथ लवकरच प्रकाशित होत आहे.'

दुसरा मसुदा त्यांनी पहिल्याची लाज वाटून त्याच रात्री लिहिला होता :

'अ. ब. क. या भाषेच्या एक सामान्य विद्यार्थिनी आहेत. घाटकोपर येथे वास्तव्य व अध्यापन. थोडेफार लेखन. मराठीच्या सेवेत खारीचा वाटा उचलण्याचा नम्र प्रयत्न त्या करीत असतात.'

या दोन मसुद्यांतला कोणता बरा, असे बाईंनी विचारले. दोन्ही सारखेच वाईट आहेत, आणि एकाच कारणाने वाईट आहेत, असे आम्ही सांगितले. दोन्हींमधली नावे काढून तिथे मुलुंडच्या, बोरिवलीच्या किंवा सोलापूरच्या कोणा दुसऱ्या प्राध्यापकांचे नाव घाला. एक अक्षर बदलावे लागणार नाही. जो परिचय कोणालाही चालतो तो कोणाचाच नसतो.

पहिला मसुदा असा का होतो हे समजून घेतले पाहिजे. त्याला केवळ आत्मप्रौढी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. बाई स्वभावाने आत्मप्रौढी करणाऱ्या नाहीत. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. निबंधाला गुण, चर्चासत्रातल्या वाचनाला गुण, त्यातही राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय यांना वेगवेगळे गुण. 2018 च्या नियमावलीने तो हिशेब बराच बदलला. पण मधल्या आठ वर्षांत एका पिढीने स्वतःची फाइल ज्या भाषेत भरली ती भाषा हाताला चिकटून राहिली. '27 शोधनिबंध' आणि '41 चर्चासत्रे' ही त्या फाइलची भाषा आहे. फाइल तपासणाऱ्याला संख्या हवी असते, कारण त्याला बेरीज करायची असते. श्रोता बेरीज करत नाही. 27 निबंध कशावर आहेत हे त्याला कळले नाही, तर 27 आणि 7 त्याच्या लेखी सारखेच.

शिवाय या भाषेतली क्रियापदे निसरडी आहेत. 'सहभाग' म्हणजे काय? निबंध वाचला, सत्राचे अध्यक्षपद भूषवले, की नावनोंदणी करून जेवणानंतर मागच्या रांगेत बसलो? तिन्हींना 'सहभाग' म्हणता येते, आणि म्हणूनच जाणता वाचक त्याचा अर्थ तिसराच घेतो. 'समित्यांवर कार्यरत' म्हणताना समिती कोणती हे सांगितलेले नसते. 'पुरस्कारांनी सन्मानित' म्हणताना कोणी, कशासाठी, कोणत्या वर्षी हे गाळलेले असते. 'ग्रंथ लवकरच प्रकाशित होत आहे' हे तर सर्वांत धोक्याचे. पत्रिका लोक जपून ठेवतात. पाच वर्षांनी तीच पत्रिका हाती आली आणि ग्रंथ अजून लवकरच येत असला, तर ते वाक्य लेखकाविरुद्ध साक्ष देते. जे हस्तलिखित प्रकाशकाने लेखी स्वीकारले नाही त्याचा परिचयात उल्लेख करू नये, असा साधा नियम आम्ही पाळतो. 'डॉ.' या पदवीचेही तेच. प्रबंध सादर झाला, मौखिक परीक्षाही ठरली, आणि पत्रिका छापून होईपर्यंत सगळे पार पडेलच, या भरवशावर नावामागे 'डॉ.' लावणारे लोक आम्ही पाहिले आहेत. विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत ती पदवी आपली नव्हे. तोवर 'प्रबंध सादर केला आहे' एवढेच खरे, आणि तेवढे पुरेसेही असते.

दुसऱ्या मसुद्याकडे लोक सहसा कौतुकाने पाहतात. आम्हाला तो अधिक खटकला. विनयाची ही ठरीव वाक्ये वाचकाला काहीच सांगत नाहीत, वर त्याच्याकडून काहीतरी मागतात. 'सामान्य विद्यार्थिनी' वाचले की वाचकाने मनात म्हणायचे असते, 'छे, तुम्ही कसल्या सामान्य!' म्हणजे स्तुतीचे काम वाचकावर टाकलेले असते. 'खारीचा वाटा' या शब्दांचा तर कोणी विचारच करत नाही. खार ज्या कामाला हातभार लावत होती तो रामाचा सेतू होता. स्वतःला खार म्हणणारा माणूस, आपण सेतूच बांधत आहोत, हे त्याच श्वासात सांगून जातो. आणि ज्या श्रोत्याला दोन समांतर सत्रांपैकी एक निवडायचे आहे, तो 'थोडेफार लेखन' वाचून सरळ शेजारच्या दालनात जातो. त्यात त्याचा दोष नाही.

मग मार्ग कोणता? बाईंच्या आक्षेपापासूनच सुरुवात करणे आम्हाला योग्य वाटले. दुसऱ्या कोणी लिहिले आहे असे भासवणे खोटे आहे, असे त्या म्हणत होत्या. पण पत्रिकेतला परिचय खरोखरच दुसऱ्याच्या तोंडचा असतो. तो संयोजकांच्या नावाने छापला जातो, आणि आपल्याकडे बहुधा सूत्रसंचालक तो व्यासपीठावरून मोठ्याने वाचतो. आपण फक्त त्याला शब्द उसने देत असतो. तेव्हा ज्याला शब्द उसने द्यायचे त्याला अडचणीत आणणारे काही देऊ नये. संयोजकाला आपल्याविषयी जे ठाऊक असू शकते, किंवा मनात आणले तर पडताळून पाहता येते, तेवढेच त्याच्या तोंडी घालावे. मी कुठे शिकवते हे तो पडताळू शकतो. माझा प्रबंध कशावर आहे हे पडताळू शकतो. मी 'अग्रगण्य' आहे हे त्याला पडताळता येत नाही. आणि मी 'सामान्य' आहे हेही नाही. ही कसोटी लावली की प्रौढी आणि खोटा विनय ही दोन्ही एकाच चाळणीतून गळून पडतात. आदरार्थी बहुवचनाचा पेचही सुटतो. 'शिकवतात' हा आदर संयोजकांचा आहे, आपण तो स्वतःला दिलेला नाही. तो तसाच राहू द्यावा. त्यावर 'या एक व्यक्तिमत्त्व असून' अशी भर मात्र घालू नये.

याच तृतीयपुरुषाचा एक प्रसिद्ध वापर इथे आठवतो. नोव्हेंबर 1937 मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' या शीर्षकाचा लेख 'चाणक्य' या टोपणनावाने आला. विषय होता काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. लोकप्रियतेने या माणसाच्या डोक्यात हुकूमशहाचे बीज रुजू शकते, त्याला पुन्हा अध्यक्ष करू नये, असा त्या लेखाचा रोख होता. लेखक स्वतः नेहरूच होते. पत्रिकेच्या साठ शब्दांत एवढ्या आत्मपरीक्षणाला वाव नाही, आणि कोणी ते मागतही नाही. पण तृतीयपुरुषाचा खरा उपयोग कोणता हे त्यावरून कळते. स्वतःपासून दोन पावले दूर गेल्यावर जे दिसते ते लिहायचे, आणि त्यात आपली मर्यादाही दिसली पाहिजे.

यानंतर आम्ही बाईंना त्यांच्या निबंधाचा विषय विचारला. घाटकोपरच्या बाजारात मराठी आणि गुजराती एकमेकींत कशा मिसळतात, हा तो विषय. गुजराती वस्ती मोठी असलेल्या त्या उपनगरात ही सरमिसळ रोजची आहे. त्यासाठी बाईंनी घाटकोपर आणि मुलुंडच्या 40 दुकानदारांची गिऱ्हाइकांशी चाललेली बोलणी, त्यांची संमती घेऊन, वहीत टिपली होती. हे सगळे त्या अर्धा तास उत्साहाने सांगत होत्या. आम्ही त्यांचे दोन्ही मसुदे पुढे ठेवले आणि विचारले, 'बाई, यात तुमचे दुकानदार कुठे आहेत?' त्या थबकल्या. 27 निबंधांच्या ओझ्याखाली ते दुकानदार दिसेनासे झाले होते, आणि 'थोडेफार लेखन' या दोन शब्दांतही ते मावले नव्हते. प्रौढीने जे झाकले तेच विनयानेही झाकले. इथे प्रश्न बाईंच्या प्रतिष्ठेपुरता राहिला नाही. ज्यांचे बोलणे घेऊन त्या व्यासपीठावर जाणार होत्या, त्यांचाही तो प्रश्न झाला.

तासाभराने कागदावर उतरले ते असे :

'अ. ब. क. घाटकोपर येथील महाविद्यालयात 1998 पासून मराठी शिकवतात. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील मराठी-गुजराती भाषासंपर्क हा त्यांच्या 2009 मधील पीएच.डी. प्रबंधाचा विषय. घाटकोपर आणि मुलुंड येथील 40 दुकानदारांच्या बोलण्याच्या नोंदींवर आधारलेले त्यांचे तीन निबंध प्रसिद्ध आहेत. गुजराती त्या बोलतात व वाचतात, लिहीत नाहीत. सध्या याच उपनगरांतील शाळकरी मुलांच्या बोलण्याच्या नोंदी घेत आहेत.'

हे साठ शब्दांच्या आत बसते. आता यात काय झाले ते पाहू. 27 मधले 24 निबंध गेले, कारण ते या विषयाचे नव्हते. उरलेल्या तिघांना वजन आले. बाईंना त्या 24 चे वाईट वाटले, पण दुसऱ्या विषयावरच्या चर्चासत्रात त्यातलेच तीन वर येतील आणि हे खाली जातील, हे त्यांना पटले. परिचय एकदा लिहून आयुष्यभर पुरत नाही. प्रत्येक व्यासपीठासाठी तो निराळा निवडावा लागतो. 'सौ.' गेले, कारण विवाह हा भाषासंपर्काचा पुरावा नव्हे. 'प्रा. डॉ.' नावामागून काढले, आणि त्याचाच अर्थ पहिल्या दोन वाक्यांत उलगडून सांगितला. पदवी लावण्यापेक्षा तिचा विषय सांगणे अधिक उपयोगी. पत्ताही बदलला. बाई इतर ठिकाणी नुसते 'मुंबई' असे लिहीत असत. उपनगराचे नाव लिहिले की माणूस लहान दिसतो, असा एक समज आपल्याकडे आहे. या निबंधापुरते घाटकोपर हेच त्यांचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र होते.

क्रमही विचारपूर्वक ठेवला. पत्रिका जुळवताना जागा अपुरी पडली की संयोजक परिचय शेवटून कापतो. म्हणून अध्यापन, प्रबंध आणि दुकानदार आधी. चालू काम शेवटी. शेवटचे वाक्य गेले तरी परिचय उभा राहतो.

'लिहीत नाहीत' या दोन शब्दांवर मात्र बाई बराच वेळ अडल्या. 'हे कशाला? कोणी विचारणारही नाही,' असे त्या म्हणाल्या. आमचे मत होते की साऱ्या परिचयात खरा विनय आहे तो याच दोन शब्दांत. विनय म्हणजे स्वतःला लहान करणे नव्हे. आपले ज्ञान कुठे संपते ती रेघ नेमकी दाखवणे होय. आणि गंमत अशी की त्या रेघेमुळेच अलीकडच्या दाव्यांवर विश्वास बसतो. जो माणूस आपल्याला काय येत नाही हे सांगतो, त्याचे 'बोलतात व वाचतात' कोणी तपासायला जात नाही. अर्थात याला मर्यादा आहे. विषयाशी संबंध असलेली एकच उणीव सांगावी. 'संस्कृतचा अभ्यास कच्चा, इंग्रजी जेमतेम' अशी यादी दिली, की ती पुन्हा खारीच्या वाट्याकडे वळते. आणि जी उणीव निबंधालाच पोकळ करते ती परिचयात लिहून भागत नाही. तिच्यासाठी निबंध दुरुस्त करावा लागतो.

शेवटी आम्ही एक जुनी परीक्षा घेतली. परिचय दुसऱ्याच्या हाती द्यावा, त्याने तो मोठ्याने वाचावा, आणि आपण समोर बसावे, व्यासपीठावर बसतो तसे. ज्या शब्दाला आपली नजर आपोआप खाली जाते तो शब्द काढावा. जिथे वाचणारा अडखळतो तिथे संक्षेप किंवा लांबलेला समास असतो, तो सोडवावा. पहिल्या मसुद्याला बाईंची नजर पहिल्याच ओळीत खाली गेली होती. या वेळी ती कुठेही गेली नाही. वाचणारा एकदाच अडखळला, 'पीएच.डी. प्रबंधाचा' या शब्दांशी, आणि ते तसेच ठेवले.

पत्रिका छापून आली तेव्हा संयोजकांनी नावाच्या आधी 'सुप्रसिद्ध भाषाभ्यासक' असे स्वतःच्या पदरचे दोन शब्द घातले होते. बाई रागावल्या. आम्ही म्हटले, राहू द्या. ते शब्द त्यांचे आहेत, आणि यजमानाला तेवढा हक्क असतो. आपण ते लिहिले नाहीत एवढे पुरे.

चर्चासत्रातली हकिकत त्यांनी नंतर सांगितली. निबंध वाचून झाल्यावर कापडाच्या धंद्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. त्यांच्या हातात पत्रिका होती आणि 'लिहीत नाहीत' या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ. 'बहेन, आमच्या दुकानाच्या जुन्या गुजराती वह्या आहेत घरी. मधे मधे मराठी शब्द आहेत. तुम्ही लिहीत नाही, तर मी बसून लिहून देतो,' असे ते म्हणाले. 'अग्रगण्य व्यक्तिमत्त्वा'ला हे सांगायला ते पुढे आले असते असे आम्हाला वाटत नाही. 'सामान्य विद्यार्थिनी'चे ऐकायला तर ते थांबलेच नसते.